दर आठवड्याला एफसीआर वर-खाली का होतो? लेअर फार्मच्या स्क्रीनशॉटवरून खरा हिशेब

नवापूर पट्ट्यातल्या एका लेअर फार्मचा हिशेब समोर ठेवून लिहितोय, पण हीच तक्रार धुळ्याकडूनही येते आणि जळगावकडूनही. मालक गावात नाहीत किंवा दुसऱ्या कामात आहेत. सुपरवायझर रविवारी रात्री मोबाइलवरच्या शीटचा स्क्रीनशॉट पाठवतो. मालक त्यातल्या बॅगा आणि ट्रे मोजून एफसीआर काढतात. एका आठवड्याला डझनामागे 1.65 किलो खाद्य येतं, पुढच्या आठवड्याला 1.27, मग 1.63, मग 1.29. शेडमध्ये काही बदललेलं नाही, पक्षी तेच आहेत, उत्पादन 91 टक्क्यांवर स्थिर आहे. तरी 1.65 आला की प्रीमिक्स बदललं जातं, सोया डीओसीवाल्याला फोन जातो, आणि 1.27 आला की नवं प्रीमिक्स लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

यात खाद्याचा दोष नसतो. बहुतेक वेळा स्क्रीनशॉटमध्ये एक रकाना नसतो, आणि तो नाही हे आकड्यांच्या चालीवरून ओळखता येतं.

एफसीआरकडे जाण्याआधी एका पक्ष्याने दिवसाला किती ग्रॅम खाल्लं ते काढा. एफसीआरमध्ये खाद्य आणि अंडी दोन्ही मिसळलेली असतात, त्यामुळे चूक कुठे आहे ते कळत नाही. ग्रॅमचा आकडा मात्र लगेच बोलतो. त्यासाठी पक्षी-दिवस लागतात, म्हणजे रोज सकाळी जिवंत असलेल्या पक्ष्यांची बेरीज. या फार्मवर सोमवारी सकाळी 9,840 पक्षी होते आणि रोज साधारण 2 मर होती. सात सकाळची बेरीज 68,838 येते. शेडवर आलेल्या बॅगा 172, म्हणजे 50 किलोच्या हिशेबाने 8,600 किलो. भागाकार केला की पक्ष्यामागे 125 ग्रॅम. पुढच्या आठवड्यात बॅगा 132, म्हणजे 6,600 किलो, आणि पक्ष्यामागे 96 ग्रॅम.

पांढरी लेअर कोंबडी अंड्यावर स्थिर असताना रोज साधारण 105 ते 115 ग्रॅम खाते. हवामान तेच, खाद्य तेच असताना ती एका आठवड्यात 125 ग्रॅम आणि पुढच्या आठवड्यात 96 ग्रॅम खाईल, आणि अंडी मात्र तेवढीच देईल, हे शक्य नाही. 96 ग्रॅमवर ती खरोखर राहिली असती तर थोड्याच दिवसांत अंड्याचं वजन आणि मग उत्पादन घसरलं असतं. म्हणजे पक्ष्यांनी असं खाल्लेलं नाही, कागदावर असं दिसतंय.

आता चाल बघा: 125, 96, 124, 98. एकदा वर, एकदा खाली, आणि दोन आठवड्यांची सरासरी काढली की 110. अशी नागमोडी चाल दिसली की शिल्लक साठा हिशेबात धरलेला नाही असं समजून तपासायला लागा. वर गेलेला आकडा पुढच्या वेळी जवळजवळ तेवढाच खाली येतो, कारण या आठवड्यात जास्त मोजलेल्या बॅगा पुढच्या आठवड्यात खाल्ल्या जातात. बॅगेचं वजन चुकीचं धरलं असेल तर आकडा सगळेच आठवडे एकाच बाजूला झुकलेला राहील. उन्हामुळे किंवा आजारामुळे खाणं कमी झालं असेल तर आकडा हळूहळू सरकेल, उसळी मारून परत येणार नाही. या तीन चाली वेगळ्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

सुपरवायझरला फोन केला तेव्हा उलगडा झाला. मक्याची गाडी पंधरवड्याला येते. ती आली की मिक्सर दोन दिवस सलग चालतो, आणि तयार बॅगा गोदामात जागा नसल्याने थेट शेडच्या कट्ट्यावर उतरवतात.

"मग भाऊ, शीटमध्ये कोणत्या बॅगा लिहितोस?"

"दादा, शेडवर जेवढ्या आल्या तेवढ्या. गाडीवरून उतरल्या की लगेच लिहितो, राहायला नको म्हणून."

त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. फक्त शेडवर आलेलं खाद्य आणि पक्ष्यांनी खाल्लेलं खाद्य या दोन गोष्टी शीटमध्ये एकच धरल्या होत्या. पहिल्या सोमवारी सकाळी कट्ट्यावर 6 बॅगा होत्या, पुढच्या सोमवारी सकाळी 26. म्हणून खाल्लेल्या बॅगा 6 अधिक 172 वजा 26, म्हणजे 152. दुसऱ्या आठवड्यात 26 अधिक 132 वजा 6, पुन्हा 152. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यातही तेच निघालं. महिनाभर पक्षी एकसारखं खात होते. 152 बॅगा म्हणजे 7,600 किलो, पक्ष्यामागे 110 ग्रॅम. एवढ्या मोठ्या शेडला रोज बावीसेक बॅगा लागतात, त्यामुळे कट्ट्यावर 20 बॅगा जास्त पडल्या तर तो जेमतेम एका दिवसाचा साठा असतो. डोळ्याला तो खटकत नाही, पण सात दिवसांच्या भागाकारात मोठा फरक पाडतो.

दुरुस्तीसाठी शीटमध्ये एकच रकाना वाढवायचा: सकाळची शिल्लक. ती रोज नाही जमली तरी दर सोमवारी, पहिलं खाद्य टाकायच्या आधी मोजायची. वेळ इथे फार महत्त्वाची आहे. एका सोमवारी खाद्य टाकण्याआधी मोजलं आणि पुढच्या सोमवारी दुपारी मोजलं, तर अर्ध्या दिवसाचं खाद्य, म्हणजे दहा-अकरा बॅगा, इकडचे तिकडे होतात आणि मूळ रोग नव्या रूपात परत येतो. पहाटे फीडरच्या चॅनलमधलं खाद्य जवळजवळ संपलेलं असतं, दोन्ही सोमवारी सारखंच असतं, म्हणून ते न मोजता सोडलं तरी चालतं. ट्रॉली वापरत असाल तर ट्रॉलीत उरलेलं मात्र मोजा. फोडलेली बॅग अर्धी असेल तर 0.5 लिहा. मिक्सरखाली पडलेल्या बॅगा शेडच्या शिल्लकीत धरायच्या की गोदामाच्या, हे एकदाच ठरवा आणि पुढे बदलू नका.

जुन्या महिन्यांचे स्क्रीनशॉट आहेत पण शिल्लक कुठेच लिहिलेली नाही, अशी अडचण बऱ्याच जणांची असते. तिथे आठवड्याचा एफसीआर काढायचा नाद सोडा आणि चार आठवडे एकत्र करा. साठ्याची चूक फक्त कालावधीच्या दोन टोकांना असते. कालावधी जेवढा लांब, तेवढी ती पातळ होते. या फार्मच्या चार आठवड्यांत शेडवर 608 बॅगा आल्या, आणि त्यावरून डझनामागे 1.46 किलो निघतं. ते खऱ्या आकड्याशी जुळतं, कारण इथे चार आठवड्यांच्या शेवटीही साठा योगायोगाने 6 बॅगांवरच आला होता. असा योग नेहमी येत नाही, तरी चार आठवड्यांच्या आकड्यात वीस बॅगांची चूक तीन-साडेतीन टक्क्यांवर जात नाही. एका आठवड्यात तीच चूक तेरा टक्के असते.

शिल्लकीचा प्रश्न सुटल्यावर स्क्रीनशॉट नीट वाचायचा. मूळ फाइल हातात नसते तेव्हा चित्रातूनच काही गोष्टी तपासता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र धूसर असेल तर 1 आणि 7, 3 आणि 8 यांची गल्लत होते. पक्ष्यांच्या रकान्यात यावर सोपा उपाय आहे: आजची सकाळची संख्या वजा आजची मर म्हणजे उद्याची सकाळची संख्या. ही साखळी जिथे तुटते तिथेच आकडा चुकीचा वाचला गेलाय किंवा चुकीचा लिहिला गेलाय. कल पक्षी विकले असतील तरी साखळी तुटते, मग शेऱ्यात तसं असायला हवं. या भागाने 2006 मध्ये आणि 2021 मध्ये बर्ड फ्लू पाहिलेला आहे, त्यामुळे मरीच्या रकान्याकडे कोणी दुर्लक्ष करू नये हे वेगळं सांगायची गरज नाही. एफसीआरच्या हिशेबातही तो रकाना उपयोगी पडतो तो असा.

दुसरी खूण आकड्यांच्या बाजूची. शीटमध्ये संख्या आपोआप उजवीकडे सरकून बसते आणि मजकूर डावीकडे. सुपरवायझरने घाईत "22 बॅग" असं लिहिलं तर ती शीटच्या लेखी संख्या राहत नाही, आणि खालची बेरीज तो दिवस गाळून टाकते. चित्रात एखादाच आकडा डावीकडे चिकटलेला दिसला की एकूणच्या ओळीवर विश्वास ठेवू नका, सातही आकडे स्वतः मिळवा. रकाने मध्यभागी जुळवून ठेवले असतील तर ही खूण दिसणार नाही, मग बेरीज करूनच बघावी लागते.

तिसरी गोष्ट ट्रेची. रकान्यावर नुसतं "ट्रे" लिहिलेलं असतं. ते गोळा केलेले की गाडीत भरून पाठवलेले? पाठवलेले असतील तर खाद्याच्या बाबतीत झालं तेच अंड्यांच्या बाबतीत होतं. व्यापाऱ्याची गाडी एक दिवस आली नाही की त्या आठवड्याचं उत्पादन पडल्यासारखं दिसतं. एफसीआरसाठी गोळा केलेलेच ट्रे हवेत, आणि त्यात क्रॅक अंडीही हवीत, कारण क्रॅक अंडं घालायलाही कोंबडीने खाद्य खाल्लेलंच असतं.

शीटची मांडणी अशी धरली की A मध्ये तारीख, B मध्ये सकाळचे पक्षी, C मध्ये मर, D मध्ये आलेल्या बॅगा, E मध्ये सकाळची शिल्लक, F मध्ये चांगले ट्रे आणि G मध्ये क्रॅक ट्रे. सोमवार दुसऱ्या ओळीत, रविवार आठव्या ओळीत आणि पुढचा सोमवार नवव्या ओळीत. मग K2 ते K5 या खान्यांत क्रमाने ही सूत्रं घालायची.

```
=(E2+SUM(D2:D8)-E9)*50
=(SUM(F2:F8)+SUM(G2:G8))*30
=K2*1000/SUM(B2:B8)
=K2/K3*12
```

पहिलं खाल्लेलं खाद्य किलोत देतं, दुसरं एकूण अंडी, तिसरं पक्ष्यामागे ग्रॅम आणि चौथं डझनामागे खाद्य. स्क्रीनशॉट पाठवताना नववी ओळ, म्हणजे पुढच्या सोमवारची सकाळ, चित्रात आली पाहिजे. म्हणून रविवारी रात्रीऐवजी सोमवारी सकाळी पाठवायला सांगा. रात्रीच्या चित्रात E9 रिकामा असतो, शीट तो शून्य धरते, आणि कट्ट्यावरचा सगळा साठा पक्ष्यांनी खाल्ला असं उत्तर येतं.

सूत्रातला 50 हा आकडा मात्र आपल्या फार्मवर तपासून घ्या. स्वतःच्या मिक्सरचं खाद्य जुन्याच बॅगांत भरतात, आणि भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे बॅग 48 किलोचीही होते, 51 चीही. वेगवेगळ्या घाण्यांतल्या दहा बॅगा काट्यावर ठेवा आणि सरासरी काढा. ती 48.5 आली तर 152 बॅगा म्हणजे 7,372 किलो, पक्ष्यामागे 107 ग्रॅम. ही चूक नागमोडी दिसत नाही, कायम एकाच दिशेने राहते, म्हणून ती वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. मक्याचं पीठ किती बारीक दळलंय आणि मार्बल किती घातलंय त्यावरही तीच बॅग जड-हलकी भरते. फॉर्म्युला बदलला की वजन पुन्हा बघायचं.

आता एफसीआर. या आठवड्यात चांगले ट्रे 2,046 आणि क्रॅक 42, मिळून 2,088 ट्रे, म्हणजे 62,640 अंडी. 7,600 भागिले 62,640 गुणिले 12, उत्तर 1.46 किलो डझनामागे. काही जण त्याच शीटवरून 2.2 सांगतात आणि वाद घालतात. दोघंही बरोबर असू शकतात. दुसरा आकडा अंड्यांच्या वजनावर आहे: सरासरी अंडं 55 ग्रॅमचं धरलं तर अंड्यांचं एकूण वजन 3,445 किलो होतं आणि किलोभर अंड्यांमागे 2.21 किलो खाद्य. कोणता आकडा सांगतोय ते प्रत्येक वेळी बोललं पाहिजे. ब्रॉयलरवाल्या शेजाऱ्याचा 1.6 हा जिवंत वजनावरचा असतो, त्याची या दोन्हींशी तुलना होत नाही.

मला वजनावरचा एफसीआर जास्त भरवशाचा वाटतो, आणि त्याचं कारण आपला उन्हाळा आहे. एप्रिल-मे मध्ये जळगाव, भुसावळकडे पारा 44 अंशांच्या पुढे जातो. कोंबडी धापा टाकायला लागते, खाणं कमी करते. अंड्यांची संख्या काही दिवस तग धरते, पण अंडं लहान होतं आणि कवच पातळ होतं. त्या दिवसांत डझनावरचा एफसीआर सुधारलेला दिसतो, कारण खाद्य कमी आणि डझन तेवढेच. मालक खूश होतात, आणि नंतर उत्पादन खाली येतं. वजनावरचा आकडा असा फसवत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा, शेडच्या वेगवेगळ्या रांगांतून उचललेले पाच भरलेले ट्रे काट्यावर ठेवा, रिकाम्या ट्रेंचं वजन वजा करा आणि 150 ने भागा. पुठ्ठ्याचा ट्रे ओलाव्याने जड होतो, म्हणून रिकामे ट्रेही त्याच दिवशी मोजा.

अंड्यामागचा खर्च याच खाद्याच्या आकड्यावर उभा आहे, आणि नागमोडी चुकीचं खरं नुकसान इथे होतं. भाव प्रत्येकाचे वेगळे असतील, मी उदाहरणापुरते धरतो. खाद्य 28 रुपये किलो धरलं तर 7,600 किलोचे 2,12,800 रुपये. मजुरी, वीज, औषधं, लस, ट्रे आणि व्याज, खताची विक्री वजा करून, आठवड्याला 22,000 रुपये.

तिसरा खर्च बहुतेकांच्या कागदावर नसतोच, आणि तो पक्ष्यांच्या झिजेचा. समजा 10,000 पुलेट अंड्यावर येईपर्यंत प्रत्येकी 330 रुपये लागले, म्हणजे 33 लाख. शेवटी 9,000 कल पक्षी 100 रुपयांनी गेले तर 9 लाख परत येतात. उरलेले 24 लाख त्या पूर्ण बॅचच्या अपेक्षित अंड्यांवर वाटायचे. 32 लाख अंडी धरली तर अंड्यामागे 75 पैसे. या आठवड्याच्या 62,640 अंड्यांवर 46,980 रुपये पडतात. हे 75 पैसे रोखीने जात नाहीत म्हणून कोणी धरत नाही. मग बॅच संपते, नव्या पिल्लांना पैसे हवे असतात आणि गाठीला काही नसतं.

सगळं मिळून 2,81,780 रुपये. यात क्रॅक अंड्यांचा हिशेब असा करायचा: 1,260 क्रॅक अंडी 3 रुपयांनी गेली तर 3,780 रुपये आले, ते खर्चातून वजा करायचे आणि उरलेले 2,78,000 रुपये फक्त चांगल्या 61,380 अंड्यांवर वाटायचे. उत्तर 4.53 रुपये. एनईसीसीचा भाव शंभर अंड्यांना असतो, म्हणून तुलना 453 शी करायची, आणि तीही व्यापारी त्या भावातून जी वजावट करतो ती काढून, हातात पडलेल्या दराशी.

आता शिल्लक न धरलेल्या बॅगांनी हेच करून बघा. 8,600 किलो धरलं तर अंडं 4.99 रुपयांना पडतं. अंडी तेवढीच धरून 6,600 किलोने 4.07 रुपयांना. मधे 92 पैशांचं अंतर, आणि कारण एवढंच की मक्याची गाडी कधी आली. भाव 460 असताना पहिल्या आकड्यावर माणूस बॅच लवकर काढायचा विचार करतो, आणि दुसऱ्या आकड्यावर भाव 430 ला आला तरी निवांत राहतो. दोन्ही निर्णय चुकीचे ठरतील, आणि दोन्ही मी होताना पाहिलेत.

उन्हाळ्यात क्रॅकचा रकाना वेगळा ठेवण्याचा फायदा इथेच कळतो. क्रॅक 2 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेली, बाकी सगळं तेच राहिलं, तर एफसीआर हलत नाही, कारण क्रॅक अंडीही त्यात मोजली आहेत. पण चांगल्या अंड्यामागचा खर्च चार-पाच पैशांनी वाढतो. 62,640 पैकी 3,132 क्रॅक, त्यांचे 9,396 रुपये, उरलेला खर्च 59,508 अंड्यांवर, म्हणजे 4.58. म्हणून एफसीआर स्थिर आणि खर्च वर असं दिसलं की खाद्याच्या फॉर्म्युल्याआधी कवच बघा: मार्बलचा आकार, पाण्याच्या टाकीवर सावली आहे का, खाद्य थंड वेळेला पडतंय का, आणि ट्रे उचलणारा माणूस बदललाय का.

आठवड्याच्या आकड्यात हिशेब नीट ठेवूनही एक-दोन टक्क्यांचा फरक राहील. अर्धी बॅग डोळ्याने मोजलेली असते, उंदीर आणि चिमण्यांनी खाल्लेलं आणि फीडरखाली सांडलेलं सगळं पक्ष्यांच्याच नावावर पडतं. त्यामुळे 1.46 चा 1.48 झाला म्हणून काही बदलू नका. तीन आठवडे एकाच दिशेने सरकला, आणि पक्ष्यामागचे ग्रॅमही त्याच दिशेने गेले, तर शेडमध्ये जाऊन फीडरखालची जमीन बघा. सांडलेलं खाद्य तिथे दिसलं तर चॅनलची पातळी खाली करून एक आठवडा थांबा, आणि पुढच्या सोमवारच्या स्क्रीनशॉटमध्ये ग्रॅम खाली आले का ते तपासा.